एक वाजून तेहेतीस मिनिटं: नीटच्या गेटवर राहिलेल्या एका मुलीचं प्रकरण

५ मे २०२४, रविवार. दुपारी पावणेदोनच्या सुमारास माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा फोन आला. मागे खूप आवाज होता, बायका रडत होत्या, कुणीतरी गेट वाजवत होतं. ते एवढंच म्हणाले, "सर, गेट लावलं हो. पोरगी बाहेरच राहिली."

मी बीड जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. दरवर्षी आमची चाळीस-पन्नास मुलं नीटला बसतात आणि दोन-तीन वर्षांतून एखादं मूल असं गेटबाहेर राहतं. या मुलीचं प्रकरण मी नंतर तिच्या घरी बसून मिनिटामिनिटानं लिहून काढलं, कारण "उशीर झाला" या दोन शब्दांत त्यातलं काहीच कळत नाही. नाव देत नाही. केंद्र कोणतं तेही सांगत नाही, कारण केंद्रातल्या कुणाची चूक होती असं मला वाटत नाही.

पेपर दोन वाजता होता. केंद्र छत्रपती संभाजीनगरला. गाव गेवराई तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून दहा-बारा किलोमीटर आत, आणि गेवराईपासून शहर साधारण नव्वद किलोमीटर. प्रवेशपत्रावर तिची केंद्रावर येण्याची वेळ साडेअकरा छापलेली होती आणि खाली वेगळ्या ओळीत गेट बंद होण्याची वेळ दीड. घरात सगळ्यांच्या डोक्यात मात्र एकच वेळ होती, दोन वाजता. वडिलांचा हिशोब असा की दोन तासांचा रस्ता आहे, नऊला निघालो तरी अकरा-साडेअकराला पोचतो, म्हणजे अडीच तास हातात. कागदावर हा हिशोब चुकीचा नाही. त्यात फक्त त्या दिवसाचा रस्ता धरलेला नव्हता.

नऊला चुलत्याची जीप निघाली. गेवराईत मामा बसले, तिथं वीस मिनिटं गेली. शहागडच्या पुलाजवळ निवडणुकीचा तपासणी नाका होता. आठ दिवसांवर, १३ मेला, बीड, जालना आणि संभाजीनगर तिन्हीकडे लोकसभेचं मतदान होतं आणि गाड्या थांबवून डिक्की, पिशव्या बघणं चालू होतं. पुढे रांग होती, पंचवीस मिनिटं गेली. पाचोडला चहा झाला. झाल्टा फाट्यावर आले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. छापलेली साडेअकराची वेळ टळली होती, पण गाडीत कुणालाच काळजी वाटत नव्हती. आणि खरं तर तोपर्यंत काही बिघडलेलंही नव्हतं. येण्याची वेळ ही गर्दी टप्प्याटप्प्यानं आत घेण्यासाठी दिलेली असते. ती हुकली म्हणून कुणी परत पाठवत नाही, रांगेत मागं उभं राहावं लागतं एवढंच. न हलणारी वेळ एकच असते, गेट बंद होण्याची.

मोबाइलच्या नकाशात त्यांनी कॉलेजचं नाव टाकलं आणि नकाशानं जिथं नेलं तिथं गेले. बारा पस्तीसला पोचले. गेटवर मुलांची रांग होती, पालक झाडाखाली बसलेले, पोलीस उभे, सगळं बरोबर दिसत होतं. मुलगी रांगेत लागली. पंधरा मिनिटांनी पुढे गेल्यावर यादी घेऊन बसलेल्या माणसानं रोल नंबर शोधला आणि म्हणाला, "तुझा नंबर इथं नाही बाळा. पत्ता वाच." त्या संस्थेची शहरात दोन संकुलं होती, दोन्हीकडे नीटचं केंद्र होतं आणि नावात एका शब्दाचा फरक होता. प्रवेशपत्रावर पूर्ण पत्ता आणि पिनकोड होता, पण नकाशात टाकताना फक्त नाव टाकलं गेलं.

हा प्रकार इतका नेहमीचा आहे की मी आता मुलांना केंद्राचं नावच वाचू देत नाही, आधी पिनकोड वाचायला लावतो. मोठ्या संस्थांची शहरात तीन-तीन ठिकाणी कॉलेजं असतात, जुनी इमारत आणि नवी इमारत असते, मुलांचं आणि मुलींचं वेगळं असतं. प्रवेशपत्र परीक्षेच्या तीन-चार दिवस आधी येतं. त्याच्या आधी शहर कोणतं एवढंच कळलेलं असतं. म्हणजे केंद्र डोळ्यांनी बघून यायला दोन दिवस मिळतात, आणि खेड्यातून नव्वद किलोमीटर जाऊन नुसतं गेट बघून यायचं ही गोष्ट बहुतेक घरांना चैनीची वाटते. जीपच्या डिझेलचे पैसे आणि मजुरीचा एक दिवस, दोन्ही जातं.

दुसरं केंद्र नऊ किलोमीटरवर होतं. एक वाजून पंधरा मिनिटांनी ते तिथल्या बॅरिकेडपाशी आले. पुढे गाडी सोडत नव्हते. मुलगी आणि आई उतरून चालत निघाल्या, वडील आणि चुलते गाडी लावायला मागं गेले. एक वीसला ती रांगेत होती, पुढे सात-आठच मुलं. एक सव्वीसला ती कागद तपासणाऱ्यांच्या टेबलापाशी पोचली. प्रवेशपत्र होतं, त्यावर चिकटवलेले फोटो होते, पाण्याची पारदर्शक बाटली होती. आधार कार्ड विचारल्यावर तिनं झेरॉक्स काढली.

मूळ ओळखपत्र लागतं. झेरॉक्स चालत नाही, मोबाइलमधला फोटो चालत नाही, आणि मोबाइल तर तिच्याकडे असणारच नव्हता. मूळ आधार वडिलांच्या शर्टच्या खिशात होतं. "हरवायला नको" म्हणून सकाळी त्यांनीच ठेवून घेतलं होतं. वडील चारशे मीटरवर, गाडीपाशी.

टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "चार मिनिटं आहेत, पळ." ती पळाली. आई रांगेपाशीच उभी राहिली, जागा राखायला. वाटेत गर्दी होती, वडील गाडीपाशी नव्हते, ते दुसऱ्या बाजूनं गेटकडे यायला निघाले होते. चुलत्यांनी हाका मारून त्यांना थांबवलं. ती कार्ड घेऊन परत आली तेव्हा लोखंडी गेटला आतून साखळी लागली होती. आईच्या घड्याळात एक तेहेतीस. ज्या टेबलापाशी ती सात मिनिटांपूर्वी उभी होती ते गजांतून दिसत होतं.

गेटवर पुढची वीस मिनिटं काय झालं ते सांगतो, कारण दरवर्षी तसंच होतं आणि त्याचा शेवटही दरवर्षी तोच होतो. आईनं पोलिसांना हात जोडले. पोलीस म्हणाले, "मावशी, आमच्या हातात नाही, आतल्या साहेबांना सांगा." आतून केंद्रप्रमुख गेटपर्यंत आले. त्यांनी प्रवेशपत्र गजांतून घेऊन बघितलं, परत दिलं आणि सांगितलं की मलाही उघडता येत नाही. वडिलांना वाटलं की ते मन घट्ट करून बोलतायत. मला नंतर त्यांना समजवावं लागलं की ते अगदी खरं बोलत होते. केंद्रप्रमुख हा बहुतेक वेळा त्याच कॉलेजचा प्राचार्य असतो. त्याच्यावर परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा यंत्रणेनं, म्हणजे एनटीएनं, निरीक्षक नेमलेला असतो, शहरासाठी समन्वयक असतो, केंद्रात कॅमेरे चालू असतात. दीडनंतर एक मूल आत घेतलं तर त्या केंद्रप्रमुखाला त्याचं उत्तर द्यावं लागतं, आणि बाहेर उभं असलेलं दुसरं मूल विचारणार, मग मला का नाही? त्याच्या अधिकारात तीन मिनिटं काय, एक मिनिटही नसतं.

पण हे झालं कोण काय करू शकतं याबद्दल. दीडच का, हा प्रश्न त्या वडिलांनी मला पुन्हा पुन्हा विचारला. पेपर दोनचा असताना अर्धा तास आधी पोराला बाहेर ठेवून काय मिळतं? याचं उत्तर आतल्या अर्ध्या तासात आहे. दीडपासून वर्गात सूचना आणि प्रवेशपत्रांची तपासणी सुरू होते. पावणेदोनला प्रश्नपुस्तिका वाटतात. एक पन्नासला मुलं पुस्तिकेवर आपला तपशील भरतात. दोनला लिहायला सुरुवात. म्हणजे पेपर दोनला सुरू होत असला तरी पुस्तिका पावणेदोनलाच मुलांच्या हातात असते. त्या क्षणानंतर आत-बाहेर काहीही चालू राहिलं तर पेपरातला एखादा प्रश्न बाहेर जाऊ शकतो आणि बाहेरून येणारा उत्तर घेऊन आत शिरू शकतो. म्हणून पुस्तिका निघण्याआधी येणं बंद करतात आणि परीक्षा संपेपर्यंत जाणंही बंद ठेवतात. दोन्ही नियम एकाच कुलपाचे आहेत. शिस्त लावण्यासाठी केलेला हा नियम नाही, पेपर राखण्यासाठी केलेला आहे. मला वाटतं, हे पालकांना आधी सांगितलं तर "माणुसकी नाही का" हा वाद गेटवर होणारच नाही, कारण माणुसकी दाखवायची जागा ती नाहीच.

मुलांना ही कडकपणाची जात ओळखीची नसते. कॉलेजच्या आमच्या चाचणीला दहा मिनिटं उशिरा आलेल्याला आम्ही रागावतो आणि बसवतो. तीच सवय घेऊन ती प्रवेश परीक्षेला जातात. राष्ट्रीय पातळीच्या परीक्षांमध्ये आता साधारण अर्ध्या तासाची रीत पडली आहे. जेईई मेन आणि केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशाची सीयूईटी संगणकावर होतात, तरी गेट अर्धा तास आधीच लागतं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेला पूर्वी दहा मिनिटं आधीपर्यंत सोडत, आता तिथंही तीस मिनिटं झाली आहेत. फरक पडतो तो हुकल्यावर. जेईई मेनचं एक सत्र हुकलं तर दुसरं असतं. नीट वर्षातून एकदाच होते.

त्या मुलीचं पुढं काय झालं? नोंद फक्त एका शब्दाची, अनुपस्थित. ती गेटपर्यंत आली होती, टेबलापाशी उभी होती, याची कुठंही नोंद नाही. त्या वर्षी चोवीस लाखांवर मुलांनी नाव नोंदवलं होतं आणि सुमारे बहात्तर हजार बसली नाहीत. त्यातली किती आजारी होती, किती आलीच नाहीत आणि किती अशी गजांबाहेर उभी होती, हे त्या आकड्यात वेगळं दिसत नाही. शुल्क परत मिळत नाही. गुण नाहीत, म्हणून क्रमांक नाही, आणि क्रमांक नाही म्हणून एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस या सगळ्यांचे दरवाजे त्या वर्षापुरते बंद. तिनं एप्रिलमध्ये राज्याची सीईटी जीवशास्त्र गटातून दिलेली होती, म्हणून फार्मसी आणि कृषीचा रस्ता तेवढा उघडा राहिला. नीटबरोबर राज्याची सीईटी भरा असं मी सांगतो तेव्हा हुशार मुलं नाक मुरडतात. हे प्रकरण झाल्यापासून मला फार समजवावं लागत नाही.

जूनमध्ये एक वेगळीच गोष्ट झाली. ४ जूनला निकाल लागला, गोंधळ सुरू झाला आणि बातम्यांमध्ये "नीटची फेरपरीक्षा" हे शब्द यायला लागले. वडील मोटारसायकलवर माझ्या घरी आले. "सर, आता आपल्या पोरीलाही बसता येईल ना?" त्यांचा चेहरा बघून मला उत्तर देणं अवघड गेलं. ती फेरपरीक्षा १,५६३ मुलांपुरती होती, २३ जूनला झाली. ही मुलं वेळेवर आत गेलेली होती, पण केंद्रावर पेपर वाटण्यात वगैरे गडबड झाल्यानं त्यांची वेळ गेली होती. आधी त्यांना त्याबद्दल वाढीव गुण दिले होते, त्यावर वाद झाला, मग ते गुण काढून त्यांना पुन्हा बसण्याची मुभा दिली. म्हणजे वेळ केंद्रामुळे गेली तर भरपाईचा विचार होतो. वेळ रस्त्यात गेली तर होत नाही. पुढे २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं सगळ्यांची परीक्षा पुन्हा घेण्यास नकार दिला, आणि तो विषय संपला.

तिच्या मामांना कोर्टात जायचं होतं. त्यांनी एक जुनी बातमी जपून ठेवली होती, कर्नाटकातली. ५ मे २०१९ला नीट होती आणि हुबळीकडून येणारी हंपी एक्स्प्रेस कित्येक तास उशिरा धावली. सकाळी सातच्या सुमाराला बेंगळुरूत यायची गाडी दुपारी अडीचच्या सुमाराला आली. गाडीत शेकडो मुलं होती, पेपर दोनचा होता. ओरड झाली, तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी संधी देण्याचं जाहीर केलं आणि त्या मुलांची परीक्षा २० मेला झाली. मामांचं म्हणणं होतं, त्यांना मिळालं तर आपल्याला का नाही.

मी त्यांच्याशी हे दोन तास बोललो, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणात समजून घेण्यासारखी गोष्ट इथंच आहे. त्या मुलांनी सहा-सात तासांची सवड ठेवली होती. पेपर दोनचा, गाडी सातची. उशीर रेल्वेचा होता आणि तो रेल्वेच्याच नोंदीत होता, कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची गरज नव्हती. एक मूल नव्हतं, शेकडो होती. आणि त्याच वेळी ओडिशात फनी चक्रीवादळामुळे परीक्षा पुढं ढकललेली होती, २० मेला तिथं नीट होणारच होती, म्हणजे दुसरा पेपर काढावाच लागणार होता. माझ्या मते शेवटचा मुद्दा सगळ्यांत जड होता. तो नसता तर काय झालं असतं सांगता येत नाही. आपल्या मुलीच्या बाबतीत यातलं एकही नव्हतं. नाक्यावरची पंचवीस मिनिटं धरली तरी ती साडेबाराला शहरात होती. पुढचा तास आपल्याच हातून गेला.

पुढच्या वर्षी, २०२५च्या मे महिन्यात, सीयूईटीला एका मुलीचं असंच झालं आणि ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं. गेट साडेआठला बंद झालं, ती आठ छत्तीसला पोचली. पेपर नऊचा होता. सहा मिनिटांसाठी वर्ष घालवू नका, एवढंच तिचं मागणं. आधी एका न्यायमूर्तींनी आणि मग खंडपीठानंही नाही म्हटलं. सूचना प्रवेशपत्रावर आणि माहितीपत्रकात स्पष्ट दिलेली होती, लाखो मुलं त्याच वेळेत पोचली होती, एकाला सवलत दिली तर गेटच्या वेळेला अर्थच राहणार नाही, असा न्यायालयाचा सूर होता. हे मी मामांना आवर्जून सांगितलं. त्यांनी बातमीचा कागद घडी करून खिशात ठेवला, पण आधीच्या वर्षी वकिलांवर पैसे घातले नाहीत याचं समाधान मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मुलीनं फार्मसीला प्रवेश घेतला नाही. एक वर्ष घरी बसून पुन्हा अभ्यास केला. ते वर्ष कसं गेलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. २०२५ची नीट ४ मेला होती, पुन्हा रविवार, पुन्हा संभाजीनगर, केंद्र मात्र वेगळं. या वेळी आम्ही हिशोब पुढून मागं केला. दीडला गेट. अंगझडती आणि कागदांमध्ये काही राहिलं तर परत येऊन पुन्हा रांगेत लागायला एक तास, म्हणजे साडेबाराच्या आत पहिल्यांदा टेबलापाशी. रांगेला अर्धा तास, म्हणजे बाराला गेटवर. शहरातल्या रस्त्याला एक तास, म्हणजे अकराला शहरात. आणि नव्वद किलोमीटरचा रस्ता हिशोबात धरायचाच नाही, तो आदल्या दिवशी संपवायचा.

शनिवारी दुपारी बाप-लेक एसटीनं गेले. सिडको बसस्थानकाजवळ मावशीची खोली आहे, तिथं मुक्काम. संध्याकाळी रिक्षानं केंद्रावर जाऊन आले. गेट बंद होतं. वडिलांनी पाटीवरचा पिनकोड प्रवेशपत्राशी ताडून बघितला, रखवालदाराला उद्या कोणत्या बाजूचं गेट उघडणार तेही विचारलं. ते मागच्या गल्लीतलं निघालं. रात्री एका पारदर्शक पिशवीत सगळं भरलं: प्रवेशपत्र, मूळ आधार, बारावीचं प्रवेशपत्र जादा म्हणून, फोटो. पिशवी मुलीच्याच हातात राहील असं ठरलं. चपला साध्या, कुर्ता अर्ध्या बाह्यांचा, कानात काही नाही.

बाराला दहा कमी असताना ती आत गेली. वडील गल्लीतल्या कडुलिंबाखाली बसले. त्यांनी मला फोन केला तेव्हा दीड वाजत होता आणि मागे पुन्हा तोच साखळीचा आवाज आला. ते म्हणाले, "सर, गेट लावलं. ती आत हाय." मग थोडं थांबून म्हणाले, "एक पोरगं आत्ता रिक्षातून उतरलंय, बघतो त्याच्या आईला पाणी देऊन."